रस्तारुंदीत इमारतीचा किती भाग जातो? दोन पॉलिगॉनचा छेद आणि संयोग, बाजूंवरून चालत काढण्याची रीत

पुण्याच्या पेठांमध्ये रस्तारुंदीची रेषा आखली की पहिला प्रश्न येतो तो असा: या इमारतीचा नेमका किती भाग पट्टीत जातो? नकाशावर दोन्ही आकृत्या समोर असतात. एक रुंदीकरणाची पट्टी, दुसरी इमारतीची बाह्यरेषा. दोघींत सामाईक असलेला भाग म्हणजे छेद आणि दोन्ही मिळून व्यापलेली जागा म्हणजे संयोग. शाळेत संचांच्या वेन आकृत्या काढल्या तेव्हाचेच हे शब्द. फरक इतकाच की इथे उत्तर शिरोबिंदूंच्या यादीच्या रूपात हवे असते, म्हणजे ते पुन्हा नकाशावर काढता येते आणि त्याचे क्षेत्रफळ मोजता येते.

QGIS या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे एका क्लिकवर होते. तरीही आत काय चालते ते एकदा हाताने करून पाहावे असे माझे ठाम मत आहे. सॉफ्टवेअर चुकीचे उत्तर देते तेव्हा बहुतेक वेळा दोष आपण दिलेल्या आकृतीत असतो, आणि तो कुठे शोधायचा हे रीत माहीत असल्याशिवाय कळत नाही. इथे दिलेल्या रीतीचे मूळ वायलर आणि अ‍ॅथर्टन यांच्या १९७७ च्या कामात आहे. १९९८ मध्ये ग्रायनर आणि हॉरमान यांनी तिची सुटसुटीत मांडणी केली. दोन्हींचा गाभा एकच: आकृत्यांच्या बाजू जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू शोधा, आणि प्रत्येक छेदबिंदूवर एका आकृतीवरून दुसरीवर जात कडेकडेने चाला.

आधी निर्देशक नीट करा

अक्षांश-रेखांश घेऊन क्षेत्रफळ काढू नका, कारण अंशांत मोजलेल्या चौकोनाला चौरस मीटर नसतात. पुणे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशक पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात येते, त्यामुळे QGIS मध्ये दोन्ही थर `EPSG:32643` मध्ये आणा. आता निर्देशक मीटरमध्ये मिळतील, पण आकडे मोठे असतील: पूर्वेकडचा सुमारे ३ लाख ७९ हजार आणि उत्तरेकडचा सुमारे २० लाख ४८ हजार. क्षेत्रफळाच्या सूत्रात या दोघांचा गुणाकार होतो. तो पाऊण लाख कोटींच्या घरात जातो आणि तिथे संगणकाच्या दुहेरी अचूकतेच्या संख्यांमधले अंतरच सुमारे ०.०००१ असते. म्हणून जवळचा एखादा कोपरा शून्य धरून बाकीच्या सगळ्या बिंदूंतून त्याचे निर्देशक वजा करा. आकडे लहान होतात, आणि कागदावर पडताळायलाही सोपे जातात.

यानंतरची तयारी सगळ्यात महत्त्वाची आहे: दोन्ही आकृत्यांचे शिरोबिंदू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने लिहिलेले हवेत. असे केले की कडेने चालताना आकृतीचा आतला भाग नेहमी डाव्या हाताला राहतो. पुढची सारी रीत याच एका गोष्टीवर उभी आहे. आकृतीच्या बंद कडेवरच्या बिंदूंच्या यादीला कडे म्हणतात. शेपफाइल या नकाशाच्या फाइल-प्रकारात बाहेरचे कडे घड्याळाच्या दिशेने ठेवण्याचा नियम आहे, तर जिओजेसन या दुसऱ्या प्रकाराच्या २०१६ च्या नियमात बरोबर उलटा. म्हणजे एक थर इथून आणि एक तिथून आला की दिशा जुळत नाहीत. क्षेत्रफळ चिन्हासह काढा: लागोपाठच्या प्रत्येक दोन बिंदूंसाठी, शेवटचा आणि पहिला धरून, `x1*y2 - y1*x2` काढा, सगळ्यांची बेरीज करा आणि ती निम्मी करा. ऋण आले तर यादी उलटी करा.

आपले उदाहरण

आकडे मी सोयीसाठी निवडले आहेत, पण आकार पेठेत सहज दिसणारा आहे. पट्टी एका बाजूला थोडी रुंद होत जाते. तिचे कोपरे (०, ०), (३०, ०), (३०, ९), (०, ६). क्षेत्रफळ २२५ चौरस मीटर.

इमारत तीन बाजूंनी बांधलेली आहे. मधे चौक, आणि रस्त्याकडे तोंड करून दोन विंग. तिचे कोपरे (५, ४), (१०, ४), (१०, १२), (२०, १२), (२०, ५), (२५, ५), (२५, १६), (५, १६). क्षेत्रफळ १५५ चौरस मीटर. दोन्ही याद्या काट्यांच्या उलट दिशेने आहेत.

आलेखाच्या कागदावर काढून पाहा. दोन्ही विंगांची टोके पट्टीत शिरलेली दिसतील, म्हणजे छेदाचे दोन वेगळे तुकडे पडणार. शिवाय चौक आता पट्टीच्या कडेने चौथ्या बाजूनेही बंद झाला आहे, म्हणजे संयोगाच्या पोटात भोक असणार. दोन आयत एकमेकांवर ठेवून सराव केला तर यातले काहीच दिसत नाही, म्हणून मुद्दाम हा आकार घेतला.

छेदबिंदू काढणे

पट्टीची प्रत्येक बाजू इमारतीच्या प्रत्येक बाजूशी तपासायची. इथे ४ गुणिले ८, म्हणजे ३२ जोड्या. मोठ्या नकाशात आधी दोन बाजूंच्या चौकटी एकमेकींवर येतात का ते पाहून बहुतेक जोड्या गाळता येतात.

```python
def cross(a, b):
    return a[0]*b[1] - a[1]*b[0]

def crossing(p, p2, q, q2):
    r = (p2[0]-p[0], p2[1]-p[1])
    s = (q2[0]-q[0], q2[1]-q[1])
    d = cross(r, s)
    if d == 0:
        return None
    w = (q[0]-p[0], q[1]-p[1])
    t = cross(w, s) / d
    u = cross(w, r) / d
    if 0 < t < 1 and 0 < u < 1:
        return t, u, d > 0
```

`p` ते `p2` ही पट्टीची बाजू आणि `q` ते `q2` ही इमारतीची. `t` सांगतो की पट्टीच्या बाजूचा किती भाग पुढे गेल्यावर छेद आहे, `u` तेच इमारतीच्या बाजूसाठी सांगतो. दोन्ही ० आणि १ च्या मधे असतील तरच बाजू खरोखर छेदतात.

एक जोडी हाताने करू. पट्टीची बाजू (३०, ९) ते (०, ६), म्हणून `r` = (−३०, −३). इमारतीची बाजू (१०, ४) ते (१०, १२), म्हणून `s` = (०, ८). `d` येतो −२४०. `w` = (−२०, −५). त्यावरून `t` = −१६० भागिले −२४०, म्हणजे दोन तृतीयांश, आणि `u` = −९० भागिले −२४०, म्हणजे ०.३७५. इमारतीच्या बाजूवर ४ मध्ये ८ च्या ०.३७५ पट मिळवले की ७. छेदबिंदू (१०, ७).

आता `d` च्या चिन्हाकडे नीट पाहा, कारण नवखे लोक ते वापरतच नाहीत आणि पुढे जास्तीचे काम ओढवून घेतात. पट्टीचा आतला भाग तिच्या बाजूच्या डावीकडे आहे. `d` धन असेल तर इमारतीची बाजू डावीकडे वळते आहे, म्हणजे पट्टीत शिरते आहे. ऋण असेल तर बाहेर पडते आहे. आपला −२४० सांगतो की (१०, ७) ला इमारतीची कड पट्टीतून बाहेर निघते. कोपरा आत आहे की बाहेर याची वेगळी चाचणी करावी लागत नाही, छेदबिंदू काढतानाच ते उत्तर हाती येते.

बाकीचे तीन बिंदूही पट्टीच्या याच तिरक्या बाजूवर मिळतात. डावीकडून त्यांना नावे देऊ: क (५, ६.५) शिरण्याचा, ख (१०, ७) निघण्याचा, ग (२०, ८) शिरण्याचा, घ (२५, ८.५) निघण्याचा.

दोन याद्या, त्यात तेच बिंदू

प्रत्येक आकृतीच्या यादीत हे बिंदू आपापल्या जागी घाला. एकाच बाजूवर एकाहून अधिक बिंदू असतील तर पट्टीच्या यादीत `t` च्या क्रमाने आणि इमारतीच्या यादीत `u` च्या क्रमाने लावा.

इमारत: (५, ४), (१०, ४), ख, (१०, १२), (२०, १२), ग, (२०, ५), (२५, ५), घ, (२५, १६), (५, १६), क.

पट्टी: (०, ०), (३०, ०), (३०, ९), घ, ग, ख, क, (०, ६).

दोन्ही याद्यांत चारही बिंदू आहेत, पण क्रम वेगळा आहे आणि तो तसाच असायला हवा. छेदबिंदू एकदाच काढा, त्याला एक क्रमांक द्या आणि दोन्ही याद्यांत तोच क्रमांक ठेवा. एकदा `t` वरून आणि एकदा `u` वरून असा दोनदा हिशेब केलात तर एकीकडे १० आणि दुसरीकडे १०.०००००००००००००२ मिळू शकते. मग निर्देशक जुळवून उडी मारणारा प्रोग्रॅम मधेच अडकतो.

छेदासाठी चालणे

नियम असा: शिरण्याच्या बिंदूपासून सुरू करा आणि इमारतीच्या यादीत पुढे चाला. पुढचा छेदबिंदू आला की पट्टीच्या यादीत जा, तिथेही पुढेच चाला. पुन्हा छेदबिंदू आला की परत इमारतीवर या. सुरुवातीचा बिंदू आला की कडे पूर्ण झाले.

क पासून निघू. इमारतीवर (५, ४), (१०, ४), मग ख. इथे पट्टीवर जायचे. पट्टीच्या यादीत ख नंतर लगेच क आहे. कडे बंद. हा डाव्या विंगचा तुकडा: क, (५, ४), (१०, ४), ख. क्षेत्रफळ १३.७५.

शिरण्याचा एक बिंदू अजून उरला आहे, ग. ग, (२०, ५), (२५, ५), घ, तिथून पट्टीवर, आणि घ नंतर ग. दुसरे कडे बंद. क्षेत्रफळ १६.२५. दोन्ही मिळून बरोबर ३० चौरस मीटर रुंदीकरणात जातात.

शिरण्याचा एकही बिंदू न वापरलेला राहू नये, हे लक्षात ठेवा. पहिले कडे बंद झाल्यावर थांबलात तर उजवी विंग हिशेबातून गळते, आणि आलेले उत्तर दिसायला अगदी व्यवस्थित असते.

संयोगासाठी चालणे

चालण्याचा नियम तोच, फक्त सुरुवात निघण्याच्या बिंदूपासून. छेदात आपण इमारतीचा पट्टीच्या आतला भाग घेत होतो, आता बाहेरचा घेतो.

घ पासून: इमारतीवर (२५, १६), (५, १६), क. पट्टीवर जा: (०, ६), (०, ०), (३०, ०), (३०, ९), घ. बंद. ही बाहेरची कड, क्षेत्रफळ ३९५.

ख पासून: इमारतीवर (१०, १२), (२०, १२), ग. पट्टीवर ग नंतर ख. बंद. याचे क्षेत्रफळ येते −४५.

ते ऋण का आले? कारण हे कडे घड्याळाच्या दिशेने फिरले. हाच तो चौक. भोक ओळखायला वेगळे काही करावे लागत नाही: संयोगात ऋण क्षेत्रफळाचे कडे आले की ते भोक. ३९५ उणे ४५, म्हणजे ३५०.

आता पडताळा. पट्टी २२५ आणि इमारत १५५ मिळून ३८०. संयोग ३५० आणि छेद ३० मिळूनही ३८०. ही बेरीज प्रत्येक वेळी करून पाहा. दोन्ही उत्तरे वेगवेगळ्या बिंदूंपासून चालून काढलेली असतात, त्यामुळे एखादा तुकडा गळला की बेरीज लगेच बिघडते.

इमारतीची यादी चुकून घड्याळाच्या दिशेने राहिली असती तर? मग क हा निघण्याचा आणि ख हा शिरण्याचा बिंदू ठरला असता, आणि छेद म्हणून १९५ चौरस मीटरचे एकच मोठे कडे मिळाले असते. १९५ म्हणजे २२५ उणे ३०, अर्थात इमारत वगळून उरलेली पट्टी. छेद इमारतीहून मोठा आला की आधी दिशा तपासा. हीच उलटी यादी मुद्दाम वापरली तर वजाबाकीही त्याच कोडने निघते. ताबा घेतल्यावर मोकळी पट्टी किती, हा प्रश्न तसाच सुटतो.

चालण्याचे कोड एवढेच आहे. यादीतला प्रत्येक घटक म्हणजे बिंदू आणि त्याचा छेद-क्रमांक, साध्या कोपऱ्याला क्रमांकाच्या जागी `None`.

```python
def trace(LA, LB, posA, posB, starts):
    rings, done = [], set()
    for k in starts:
        if k in done:
            continue
        ring, cur = [], k
        while cur not in done:
            done.add(cur)
            for L, pos in ((LB, posB), (LA, posA)):
                i = pos[cur]
                while True:
                    ring.append(L[i][0])
                    i = (i + 1) % len(L)
                    if L[i][1] is not None:
                        cur = L[i][1]
                        break
        if cur != k:
            raise ValueError("ring not closed")
        rings.append(ring)
    return rings
```

`LA` पट्टीची यादी, `LB` इमारतीची. `posA` आणि `posB` मध्ये कोणता क्रमांक यादीत कितव्या जागी आहे ते ठेवा. `starts` मध्ये छेदासाठी शिरण्याचे आणि संयोगासाठी निघण्याचे क्रमांक द्या.

एकही छेदबिंदू नसेल तर

मग चालायला काही नाही, पण उत्तर असतेच. एका आकृतीचा कोणताही कोपरा दुसरीच्या आत आहे का ते पाहा, आणि तेच उलट बाजूनेही पाहा. आत असेल तर छेद म्हणजे आतली आकृती आणि संयोग म्हणजे बाहेरची. दोन्ही बाजूंनी नसेल तर छेद रिकामा आणि संयोग म्हणजे दोन सुटी कडी.

कोपरा नेमका रेषेवर आला की

खरी अडचण इथे आहे, आणि पुण्यातल्या कामात ती रोज येते. शेजारच्या दोन मिळकतींची भिंत सामाईक असते, नवी इमारत रुंदीकरणाची रेषा धरूनच बांधलेली असते. आकृत्या एकमेकींना छेदत नाहीत, फक्त टेकतात.

समजा डावी विंग आखूड आहे आणि तिचे खालचे कोपरे (५, ७) आणि (१०, ७) आहेत. पहिला रेषेच्या बाहेर आहे, दुसरा नेमका रेषेवर. वरच्या कोडमध्ये `0 < u < 1` अशी कडक अट आहे, त्यामुळे या कोपऱ्याचा छेद सापडतच नाही, आणि योगायोगाने उत्तर बरोबर येते. पण तीच विंग खाली शिरताना कोपऱ्यातूनच शिरली असती तर खरा शिरण्याचा बिंदू हरवला असता. म्हणून बरेच जण अट `0 <= u < 1` अशी सैल करतात. मग (५, ७) ते (१०, ७) या बाजूला `u` १ येतो, तो सुटतो. (१०, ७) ते (१०, १२) या बाजूला `u` ० येतो, तो धरला जातो, आणि तो निघण्याचा आहे. आता हाती आहेत ख निघण्याचा, ग शिरण्याचा, घ निघण्याचा. तीन बिंदू.

दोन बंद आकृत्यांच्या कडांचे खरे छेद नेहमी सम संख्येत असतात, आणि कोणत्याही यादीत शिरणे व निघणे आलटून पालटून येते. चालण्याआधी या दोन गोष्टी तपासा. विषम संख्या आली किंवा लागोपाठ दोनदा निघणे आले, तर कुठे तरी कोपरा रेषेवर टेकलेला आहे. कोड चालवून ते शोधत बसू नका. दोन खुणांच्या मधला यादीचा भागच पाहा, दोषी कोपरा तिथेच सापडतो.

उपाय म्हणून ग्रायनर आणि हॉरमान यांनी टेकलेला कोपरा अगदी किंचित सरकवायला सांगितले होते. मोजणीची अचूकता सेंटिमीटरची असेल तर ०.१ मिलिमीटर सरकवल्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण सरकवायचा कोणीकडे, हे तुम्ही कशासाठी मोजता त्यावर ठरवा. रुंदीकरणात जाणारे क्षेत्र मोजत असाल तर कोपरा पट्टीच्या बाहेर सरकवा. (१०, ७) चा (१०, ७.०००१) झाला की त्या विंगचा छेद उरतच नाही. आत सरकवलात तर एका चौरस मिलिमीटरहून लहान त्रिकोण उगवतो आणि तक्त्यात विनाकारण एक बाधित तुकडा वाढतो.

संयोगात उलट करावे लागते. शेजारचे दोन प्लॉट एकत्र करायचे आहेत आणि मधली हद्द सामाईक आहे असे धरा. कोपरे बाहेर सरकवलेत तर दोघांत ०.१ मिलिमीटरची फट पडते, आणि एकत्रीकरण केल्यावरही दोन सुटे प्लॉटच हाती येतात. पडद्यावर फट दिसत नाही, म्हणून दोष लक्षात येत नाही. कड्यांची संख्या मोजली की कळते. इथे कोपरे आत सरकवून आकृत्या एकमेकींवर किंचित आणाव्या लागतात.

सरकवण्याने पातळ काप मागे राहू शकतात. पाच मीटरच्या सामाईक भिंतीवर ०.१ मिलिमीटरचा काप ०.०००५ चौरस मीटरचा, म्हणजे पाच चौरस सेंटिमीटरचा होतो. छेदातून आलेल्या कड्यांपैकी ०.०१ चौरस मीटरहून लहान असतील ती गाळा, पण किती गाळली आणि त्यांची बेरीज किती ते लिहून ठेवा. बेरीज मोठी निघाली तर तो काप नसतो, दोन थरांची मोजणीच आपसात जुळत नसते, आणि तेव्हा जाग्यावर जाऊन हद्द पाहावी लागते.

काहीही न सरकवता टेकलेले कोपरे आणि एकमेकींवर पडलेल्या बाजू हाताळण्याची पद्धत फॉस्टर, हॉरमान आणि पोपा यांनी २०१९ मध्ये दिली. तिच्यात टेकलेल्या प्रत्येक बिंदूच्या आधीची आणि नंतरची बाजू दुसऱ्या आकृतीच्या कोणत्या अंगाला आहे ते पाहतात, आणि तो खरोखर ओलांडला आहे की नुसता स्पर्श आहे ते ठरवतात. वरची रीत हाताने एकदा चालवून झाली की ती समजायला जड जात नाही. रोजच्या कामात मात्र मी Shapely ही पायथनची लायब्ररी वापरते. त्याच्या आत GEOS ही लायब्ररी हेच हिशेब करते. आपले उदाहरण त्यात घातले की छेदाला `MULTIPOLYGON` मिळते, त्यात दोन तुकडे. संयोगाला एकच `POLYGON` मिळते, त्यात एक आतले कडे.